फोटोत शर्ट बदलला, कॉलर मात्र दोन तऱ्हांची

फोटो माझाच होता. लांबून काढलेला, पूर्ण उभा. चित्र 1024 बाय 1536 पिक्सेलचं आणि त्यात मी डोक्यापासून पायापर्यंत साधारण 800 पिक्सेल उंच. अंगात गोल गळ्याचा राखाडी स्वेटशर्ट, खांद्यावरून छातीवर तिरका आलेला बॅगेचा पट्टा. मला फक्त स्वेटशर्टच्या जागी फिका निळा, अर्ध्या बाह्यांचा, कॉलरवाला शर्ट हवा होता. शब्दांवरून चित्र बनवणाऱ्या एआय टूलमध्ये फोटो टाकला, स्वेटशर्टवर मास्क रंगवला, म्हणजे बदलायचा भाग ब्रशने दाखवून दिला, हवं ते शब्दांत लिहिलं आणि अर्ध्या मिनिटात शर्ट आला. लहान करून पाहिला तर झकास. मोठा करून पाहिला आणि हसूच आलं. कॉलरचं डावं पान टोकदार, उजवं पान गोलसर आणि त्याखाली आणखी एक अर्धवट पान. शर्टाची खालची कड मेणासारखी वितळून पँटीत मुरलेली. बाह्या कमीजास्त. पट्टा खांद्यावरून निघतो, छातीपाशी गायब होतो आणि कमरेजवळ पुन्हा उगवतो. (डावं-उजवं म्हणजे इथे आणि पुढेही फोटोकडे पाहताना आपल्या डाव्या-उजव्या हाताला.)

असं झालं की बहुतेक जण पुन्हा बटण दाबतात. मग पुन्हा. दहाव्या वेळी कॉलर जमते तेव्हा बाही बिघडते. या चारही दोषांचं मूळ शब्दांत नसतं. त्यामुळे ‘नीट कॉलर काढ’ असं लिहून ते सहसा जात नाहीत. टूलला चित्रातच पुरावा द्यावा लागतो, म्हणजे हवा तो आकार आपण आधी ओबडधोबड का होईना रंगवायचा आणि टूलला फक्त त्याची सफाई करायला लावायची. हे का चालतं ते समजलं की बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

अशा टूलच्या आत चालणारी स्टेबल डिफ्यूजन 1.5 किंवा एसडीएक्सएल यांसारखी मॉडेल चित्र पिक्सेलमध्ये रंगवतच नाहीत. आधी चित्र आक्रसून घेतात. उभे-आडवे 8 बाय 8 पिक्सेल मिळून एक घर होतं, काम त्या घरांवर चालतं आणि शेवटी ते पुन्हा फुलवून पिक्सेल बनवतात. माझ्या फोटोत कॉलरचं एक पान जेमतेम 30 पिक्सेल लांब होतं. म्हणजे टूलच्या हातात चार घरंसुद्धा पूर्ण नाहीत. चार घरांत पानाचं टोक, दुमड, शिवण आणि खालची सावली बसवायची कशी? बॅगेचा पट्टा 14 पिक्सेल रुंद, म्हणजे दोन घरंही नाहीत. टूलला काढता येत नाही असं नाही, त्याला काढायला जागाच नव्हती.

म्हणून पहिला उपाय जागा वाढवण्याचा. बऱ्याच टूलमध्ये मास्कच्या सेटिंगपाशी `Only masked` असा पर्याय असतो. तो निवडला की टूल अख्खं चित्र न घेता मास्कभोवतीचा चौकोनच कापून घेतं, मोठा करतं, मोठ्या आकारात काम करतं आणि पुन्हा लहान करून जागेवर चिकटवतं. आजूबाजूचं किती दाखवायचं ते `Only masked padding, pixels` या आकड्याने ठरतं. कॉलरभोवती मी 160 पिक्सेलचा मास्क केला आणि चारी बाजूंना 48 ठेवले. एकूण चौकोन 256 पिक्सेलचा झाला. तो 1024 वर नेला, म्हणजे चौपट. आता तेच 30 पिक्सेलचं पान 120 पिक्सेलचं होऊन 15 घरांत पसरलं. एवढ्यात टोकही बसतं आणि शिवणही.

padding फार कमी ठेवलं तर टूलला हनुवटी दिसत नाही, खांदा दिसत नाही, आणि कॉलर कुठल्या मानेभोवती बसवायची तेच त्याला कळत नाही. आणखी एक खोच आहे. कापलेल्या चौकोनावर काम चालू असताना शब्दही चौकोनापुरतेच हवेत. मी पहिल्यांदा जुनाच मजकूर तसाच ठेवला होता, रस्त्यावर उभा असलेला माणूस वगैरे. टूलने इमानदारीने कॉलरच्या जागी एक चिमुकला माणूस उभा केला. आता मी एवढंच लिहितो:

```
light blue cotton shirt collar, close-up
```

दुसरी गोष्ट `Denoising strength`. टूल मास्कमधल्या भागावर आधी धुरळा उडवतं आणि मग तो पायरीपायरीने झाडत चित्र बाहेर काढतं. हा आकडा म्हणजे किती धुरळा उडवायचा ते. 1 म्हणजे खालचं काहीच दिसणार नाही इतका. 0.4 म्हणजे खालचा आकार धुरळ्यातूनही कळेल इतका. पायऱ्या 30 लावल्या असतील तर 0.4 वर साधारण शेवटच्या 12 च चालतात. सुरुवातीच्या पायऱ्यांत मोठा आकार ठरतो आणि शेवटच्या पायऱ्यांत पोत, शिवण, बारीक सावल्या येतात. त्यामुळे 0.75 वर कॉलर नव्याने ठरते, मग आपण खाली काहीही रंगवलेलं असो. 0.35 ते 0.45 च्या दरम्यान आपण रंगवलेला आकार टिकतो आणि त्यावर कापड चढतं. 0.2 वर जवळजवळ काहीच हलत नाही, फक्त कडा मऊ होतात. या अध्येमध्ये प्रत्येक मॉडेलचा स्वभाव थोडा वेगळा असतो, पण सुरुवात 0.4 पासून करायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट मास्कच्या सीमेची, आणि माझ्या मते निम्मे दोष इथेच जन्माला येतात. आपल्या हाताला सवय अशी की कपड्याच्या कडेकडेने मास्क रंगवायचा. पण मास्कची सीमा म्हणजे जुनं आणि नवं जिथे एकमेकांत मिसळतं ती जागा. नेमकी तीच जागा कडेवर आली तर कड धूसर होणारच. शिवाय स्वेटशर्टच्या खालच्या रिबची दहा-बारा पिक्सेलची पट्टी मास्कबाहेर राहून गेली होती. टूलने ती पाहिली आणि शर्ट तिच्याशी जुळवून घेतला. सीमा न्यायची ती सपाट कापडातून, सपाट पँटीतून किंवा मागच्या भिंतीतून. कॉलर, कड, बाहीचं तोंड, शिवण यांतलं काहीही दुरुस्त करायचं असेल तर ते मास्कच्या पोटात आलं पाहिजे, काठावर नाही.

आता दुरुस्तीचा क्रम. मी आधी बाह्या घेतो, मग खालची कड, मग कॉलर आणि पट्टा सगळ्यात शेवटी. पट्टा बाकी सगळ्यावरून जातो. तो आधी काढला तर पुढच्या प्रत्येक फेरीत थोडा थोडा पुसला जातो.

बाह्यांची गंमत सांगतो. नुसत्या डोळ्यांना वाटत होतं की डावी बाही लांब आहे. मोजली तर डावी 90 पिक्सेल, उजवी 84. म्हणजे डावी आखूड करायची? नाही. डावा हात सरळ लोंबत होता आणि खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंत 150 पिक्सेल भरत होता. उजवा हात थोडा पुढे, कॅमेऱ्याच्या दिशेने आलेला. त्यामुळे तो आक्रसून 120 पिक्सेलच दिसत होता. मापं पिक्सेलमध्ये नाही, हाताच्या हिश्श्यात घ्यायची. डावी बाही 90 भागिले 150, म्हणजे 0.6. उजवी 84 भागिले 120, म्हणजे 0.7. लांब वाटणारी डावी बाहीच खरं तर आखूड होती. ती 0.7 वर न्यायची तर 105 पिक्सेल हवी, म्हणजे 15 पिक्सेल वाढवायची.

वाढवायची की दुसरी कमी करायची, यात मी नेहमी वाढवण्याच्या बाजूने असतो. बाही वाढवताना कातडीवर कापड रंगवायचं असतं आणि कापड सोपं. बाही कमी करताना कापडाखालचा दंड नव्याने घडवावा लागतो. त्याचा रंग, स्नायूचा उठाव आणि उजेड उरलेल्या हाताशी जुळवावा लागतो, आणि तिथे चूक चटकन दिसते. म्हणून दोन्हींतली जी हिश्श्याने लांब तीच खरी मानायची.

ब्रशने बाहीचाच निळा रंग उचलून मी डावी बाही 15 पिक्सेल खाली ओढली. इथे तोंडाचा आकार बघावा लागतो. बाहीचं तोंड हे गोल नळीचं टोक आहे, म्हणून ते सरळ रेषेत कापलेलं दिसलं की हात पुठ्ठ्याचा वाटतो. हात खाली लोंबतोय आणि कॅमेरा बाहीच्या तोंडापेक्षा वर आहे, तर समोरची कड खाली झुकलेल्या कमानीसारखी दिसते. हात डोक्याच्या वर उचललेला असेल आणि तोंड कॅमेऱ्याच्या पातळीपेक्षा वर असेल तर कमान उलटी. मी खाली झुकलेली कमान काढली, तिच्या आत दंडावर बारीक गडद सावली ओढली आणि 0.4 वर एक फेरी दिली. टूलने दुमडीची शिवणसुद्धा स्वतःहून घातली.

खालच्या कडेला मात्र वेळ लागला. कड वितळते त्याचं कारण टूलला कापड कुठे संपतं हे ठरवायला काही आधारच नसतो. शर्ट निळा, पँट गडद निळी, मधे धूसर मास्क. मी आधी पँट वर ओढली. क्लोन ब्रशने पँटीचाच भाग उचलून वितळलेल्या पट्टीवर लावला, कमरेपर्यंत, जणू शर्ट अजून यायचाच आहे. मग त्यावर शर्टाची कड रंगवली. कड म्हणजे एक रेघ असं आपण समजतो, पण नीट पाहिलं तर तिथे तीन गोष्टी असतात. कापडाची कड असते, तिच्या थोडं वर दुमडीची समांतर शिवण असते आणि खाली पँटीवर पडलेली सावली असते. यांतली सावली सगळ्यांत महत्त्वाची. ती नसेल तर शर्ट पँटीवर छापल्यासारखा दिसतो.

कड सरळही नसते. शर्टाच्या उभ्या चुण्या खाली येतात तिथे प्रत्येक चुणीपाशी कड किंचित आत-बाहेर वळते. चुणी उठावाची असेल तर कड तिथे जरा पुढे येते, खोलगट असेल तर मागे जाते आणि सावलीत बुडते. मी वरच्या चुण्या पाहून कडेला तीन ठिकाणी हलकी लाट दिली. मग कडेच्या वर तीस आणि खाली तीस पिक्सेल घेऊन, पूर्ण रुंदीभर, म्हणजे सुमारे 260 बाय 60 चा मास्क केला आणि 0.45 वर फेरी दिली. चार नमुने काढले. दोनमध्ये शिवण मधेच तुटली होती, एकात पँटीला नसलेला खिसा आला, एक चांगला निघाला. एवढं प्रमाण मी चांगलंच समजतो. आठ-दहा नमुन्यांतही कड येत नसेल तर आणखी नमुने काढत बसण्यात अर्थ नाही, खाली रंगवलेलाच आकार चुकलेला असतो.

कॉलरचं सोपं. दोनपैकी चांगलं पान निवडायचं, ते निवडून कॉपी करायचं, आडवं उलटवायचं आणि दुसऱ्या बाजूला बसवायचं. माझं डावं पान चांगलं होतं. उलटवलं, उजवीकडे ठेवलं आणि लगेच काहीतरी खटकलं. उजेड डावीकडून येत होता. उलटवलेल्या पानाबरोबर त्याचा उजेडही उलटा झाला, त्यामुळे सावली नको त्या बाजूला. उजवं पान एकूणच थोडं गडद केलं, सावली पुसून बाहेरच्या बाजूला रंगवली आणि मगच 0.35 ची फेरी दिली. फक्त पान उलटवायचं, बटणपट्टी नाही. बटणपट्टीत एक बाजू दुसऱ्यावर चढलेली असते आणि ती वरपासून खालपर्यंत एकाच बाजूने चढली पाहिजे. अख्खा गळा उलटवला तर वरचं बटण एका बाजूचं आणि खालची दुसऱ्या बाजूची होतात.

दोन्ही पानं तंतोतंत सारखी करण्याचा हट्टही नको. मान थोडी जरी वळलेली असेल तर लांबचं पान अरुंद दिसणारच. पानांची टोकं गळ्याच्या मधल्या बटणापासून किती दूर आहेत ते पाहायचं. चेहरा समोर असेल तर अंतरं सारखी हवीत, वळलेला असेल तर वळल्या बाजूचं अंतर कमी.

राहिला पट्टा. त्याच्यावर मी आधी उगाचच अर्धा तास घालवला. शब्द बदलले, आकडे बदलले, पट्टा काही जुळेना. मग ध्यानात आलं की पट्टा तर मूळ फोटोत आहेच, अगदी जसा हवा तसा. फोटो एडिटरमध्ये मूळ फोटो वरच्या लेयरवर, म्हणजे वरच्या थरावर ठेवला, लेयरला काळा मास्क लावून तो पूर्ण झाकला आणि पट्टा होता तेवढाच भाग पांढऱ्या ब्रशने उघडा केला. एका फटक्यात पट्टा जागेवर. त्याच्या कडेने स्वेटशर्टचा राखाडी धागा दिसत होता, तो निवड एक पिक्सेल आत घेतल्यावर गेला.

तरी पट्टा तरंगतच होता. पूर्ण अखंड, पण शर्टाच्या वर हवेत. कारण त्याची सावली स्वेटशर्टबरोबर गेली होती. पट्ट्याखाली एक नवा लेयर घेतला, त्याचा मोड `Multiply` केला, म्हणजे त्यावरचा रंग खालच्या कापडाला गडद करतो, आणि पट्ट्याच्या उजव्या कडेने, म्हणजे उजेडाच्या विरुद्ध बाजूला, गडद निळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. काळा रंग घेऊ नये, निळ्या कापडावर काळी सावली काजळासारखी दिसते. रेघ थोडी धूसर केली आणि लेयरची `Opacity` 35 टक्क्यांवर आणली. खांद्यावर पट्टा दाबून बसलेला असतो, तिथे सावली अरुंद आणि ठळक ठेवली. छातीच्या खाली पट्टा अंगापासून सुटतो, तिथे ती रुंद आणि फिकी. खांद्यापाशी पट्ट्यातून निघाल्यासारख्या दोन छोट्या चुण्याही काढल्या, कारण वजनाने कापड तिथे ओढलं जातं. शेवटी पट्ट्याच्या कडांवरून 0.2 ची एक फेरी. पट्टा त्यानंतर अंगाला टेकला.

मूळ फोटोत पट्टा नसेल, म्हणजे बदललेल्या कपड्याचाच बारीक खांदापट्टा असेल, तर तो टूलवर सोडण्यापेक्षा पेन टूलने एक वक्र रेषा काढून तिला ठरावीक जाडी देणं बरं. दोन्ही टोकं कशाला तरी जोडलेली दिसली पाहिजेत. एक टोक कपड्याच्या वरच्या कडेत शिवलेलं, दुसरं खांद्यावरून मागे वळणारं किंवा केसांखाली शिरणारं. खांद्याच्या माथ्यावर पट्टा वळतो तिथे तो थोडा अरुंद दिसतो. जाडी तशीच ठेवली तर तो खांद्यावर चिकटपट्टीसारखा दिसतो.

खांदाच जर जागेवरून हलला असेल, मुंढा छातीत शिरला असेल किंवा धड मानेशी वाकडं बसलं असेल तर असली डागडुजी करत बसू नये. पहिल्या फेरीपासून नवीन चित्र काढलेलं परवडतं. आडव्या रेघांच्या किंवा चौकटीच्या शर्टात बाही आणि धड यांच्या रेघा जुळवणंही अशा दूरच्या फोटोत मला कधी धड जमलेलं नाही. अशा वेळी मी सरळ साधं कापड निवडतो.

शेवटची तपासणी. आक्रसून पुन्हा फुलवण्याच्या या खेळात मास्कबाहेरचा भागही किंचित बदलू शकतो, विशेषतः अख्खं चित्र एकदम चालवलं असेल तर. चेहऱ्यावर ते पहिल्यांदा जाणवतं, ओळखीचा माणूस थोडा अनोळखी दिसतो. म्हणून सगळं झाल्यावर मूळ फोटो वर ठेवून त्या लेयरचा मोड `Difference` करायचा. जिथे काही बदललं नाही तिथे काळंकुट्ट दिसतं, बदललं तिथे उजेड. माझ्या फोटोत शर्ट झळकत होता, ते अपेक्षितच. पण कानापाशी आणि डाव्या हाताच्या बोटांवर फिकट करडी झाक होती. ती पहिल्या फेरीतली. दोन्ही ठिकाणी मूळ फोटोच परत उघडा केला. नव्या कापडावर कॅमेऱ्याचा बारीक रवा नव्हता, ते जरा जास्तच गुळगुळीत दिसत होतं. शर्टापुरताच थोडा नॉइज टाकला आणि चित्र आडवं उलटवून पाहिलं. उलट्या चित्रात डोळा फसत नाही. तिथे दिसलं की बाह्या, कॉलर, पट्टा सगळं नीट आहे, पण वरून तिसऱ्या बटणाला काजच नाही. ते पट्ट्याखाली ढकलून दिलं.